25 लिटरचा रतीब बांधू का?

*काका, आमचं गाव मुरबाड तालुक्यात, बदलापूर 20-22 किलोमीटर. पाच म्हशी दुधात आहेत, दोन्ही वेळचं मिळून 40 लिटर निघतं, फॅट 6.8 आणि एसएनएफ 8.8 च्या आसपास लागतं. सध्या सगळं दूध गावच्या संस्थेत घालतो, 6 फॅट 9 एसएनएफला 51 दर, दहा दिवसाचं बिल. आता एका खाजगी डेअरीचा माणूस 54 देतो म्हणतोय, वर पन्नास हजार उचल पण द्यायला तयार आहे. आणि धाकटा भाऊ बदलापूरला एमआयडीसीत कामाला जातो, त्याच्या ओळखीने तिकडच्या बिल्डिंगींमध्ये 80 रुपयांनी 25 लिटरचा रतीब लागतोय. वडील म्हणतात संस्था सोडू नको, भाऊ म्हणतो 80 सोडून 51 ला कोण घालतं. कुणाचं ऐकू?*

आधी सरळ उत्तर देतो, मग हिशोब. रतीब घे पण 25 चा नको, 15 चा घे. उरलेलं दूध संस्थेतच राहू दे. खाजगीवाल्याला नाही म्हणू नकोस, पण त्याच्याकडून एक कागद हातात येईपर्यंत हो पण म्हणू नकोस, आणि उचल तर मुळीच घेऊ नकोस.

आता तो कागद कुठला, तर रेट चार्ट. 51 आणि 54 हे जे तू सांगतोयस ते 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफचे दर आहेत, आणि तुझं दूध ना 6.0 आहे ना 9.0. तुला पैसे मिळणार ते 6.8 आणि 8.8 चे, म्हणजे चार्टमधल्या त्या घरात जो आकडा छापलाय तेवढे. आणि खरी गंमत इथेच असते, बेस दर वर ठेवायचा आणि फॅटच्या पॉइंटला कमी द्यायचं, एसएनएफच्या पॉइंटला जास्त कापायचं. समजा तुझी संस्था 6 च्या वर फॅटच्या दर पॉइंटला, म्हणजे दर 0.1 ला, 80 पैसे देते आणि एसएनएफ 9 च्या खाली गेला की पॉइंटला 50 पैसे कापते. मग तुझा दर झाला 51 अधिक 6.40 वजा 1, म्हणजे 56.40. खाजगीवाला समजा वरच्या पॉइंटला 40 पैसेच देतो आणि एसएनएफला पूर्ण रुपया कापतो, मग 54 अधिक 3.20 वजा 2, झाले 55.20. म्हणजे तीन रुपये जास्त देणारा माणूस प्रत्यक्षात तुला सव्वा रुपया कमी देऊन जाईल आणि तू वर त्याला चहा पाजशील. हे 80 पैसे न 40 पैसे मी समजा म्हणून धरलेत, तुझ्या संस्थेचा चार्ट तुझ्याच गावात भिंतीवर लागलेला असेल तो बघ, आणि खाजगीवाल्याला म्हण मला तुमचा पूर्ण चार्ट व्हॉट्सअपवर पाठवा. त्यात फक्त 6.8 आणि 8.8 चं घर शोध. बेस दर विसरून जा. चार्ट पाठवायला जो माणूस टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल वेगळं काही शोधायची गरज नाही.

चार्टएवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो आकडा मशीनवर येतो कसा. मी स्वतः बरीच वर्षं संकलनावर बसलोय त्यामुळे हे जरा लांबण लावून सांगतो. दूध कॅनमध्ये पाच-दहा मिनिटं जरी स्थिर राहिलं तरी फॅट वर यायला लागतं, म्हणून सँपल घेण्याआधी ढवळलं पाहिजे, नुसतं वरून बुडवून बाटली भरली तर एक आकडा येतो आणि तळातून ओतलेल्यातून घेतली तर दुसरा. त्यात हे जे अल्ट्रासोनिक ॲनालायझर सगळीकडे आलेत त्यांना फेस चालत नाही, बुडबुडे असले की आकडा चुकतो, आणि मशीन रोजच्या रोज धुतलं नाही तर आत थर बसून हळूहळू सगळ्यांचेच आकडे चुकायला लागतात, मुद्दाम कोणी काही न करता. हे ओळखायचं कसं, तर एकाच कॅनमधलं ढवळलेलं दूध दोन बाटल्यांत घे, एक तुझ्या नावावर लाव आणि थोड्या वेळाने दुसरी शेजाऱ्याच्या हातात देऊन लावायला सांग. एखाद्या पॉइंटचा फरक चालतो, त्याचं काही नाही. तीन-चार पॉइंटचा फरक आला तर मशीनमध्ये घोळ आहे नाहीतर माणसात, आणि दोन्ही ठिकाणी उपाय एकच, सचिवाला सांगून गर्बर पद्धतीने एकदा फॅट काढून मशीनशी ताडून घ्यायला लावायचं. संस्थेत हे तू हक्काने मागू शकतोस, सभासद आहेस. खाजगी एजंटकडे विनंती करावी लागते.

तुझा एसएनएफ 8.8 लागतो त्यातलं थोडं घरचंच असू शकतं बरं का. कॅन धुतला आणि न निथळवता त्यातच धार काढली तर 20 लिटरच्या कॅनला पाव लिटरच्या आत-बाहेर पाणी सहज राहतं. 20 लिटरला 200 मिली म्हणजे एक टक्का, आणि एक टक्का पाण्याने 8.8 चा 8.7 होतो. एक पॉइंट गेला. खाजगीच्या त्या समजा म्हटलेल्या चार्टवर हे लिटरमागे रुपया, 40 लिटरला रोज 40. रात्री कॅन उपडा घालून ठेव, सकाळी कोरडा वापर. आणि म्हशींना खाण्यातून ताकद कमी पडत असेल तरी एसएनएफ खाली येतो, नुसत्या वाळक्या पेंढ्यावर असतील तर ते पण बघ.

काट्याबद्दल एवढंच, डिस्प्लेवर 10 ग्रॅमचा आकडा फिरतो की 100 ग्रॅमचा ते बघ. 100 ग्रॅमचा असेल आणि खालच्या आकड्याला धरत असतील तर सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याला दोन-तीन लिटरच्या घरात दूध फुकट जातं, रुपयात दीडेकशे. मोठं नाही, पण सगळ्या गावाचं मिळून मोठं आहे.

आता रतीब. भाऊ म्हणतो 80 सोडून कोण घालतं, तर बरोबरच आहे, कागदावर लिटरमागे 23 रुपये 60 पैसे जास्त दिसतात. 25 लिटरला रोजचे 590, महिन्याचे 17,700. एवढा आकडा बघितला की कुणाचंही डोकं फिरेल. पण त्यातून काय काय जातं ते ओळीने बघ.

पहिलं पेट्रोल. तू स्वतः गेलास तर जाऊन-येऊन न बिल्डिंगीबिल्डिंगी फिरून 50 किलोमीटर, बाईकला सव्वा लिटरच्या आत पेट्रोल, म्हणजे 115 धर, महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास. भाऊ नाहीतरी रोज तिकडे जातोच म्हणून हे बरंचसं वाचतं, आणि तुझ्या बाबतीत सगळा खेळ या एकाच गोष्टीवर उभा आहे हे लक्षात ठेव. भाऊ नसता तर मी 25 काय 15 चा पण रतीब घे म्हटलं नसतं.

दुसरं खाडे. रतीब घालणारा माणूस दराने नाही मरत, खाड्याने मरतो. बदलापूरच्या बिल्डिंगीत निम्मी घरं कोकणातली नाहीतर घाटावरची, मे महिना लागला की पोरांना घेऊन गावाला, गणपतीत परत गावाला, शिवाय लग्नकार्य, आजारपण, कुणाचा उपवास तर कुणाचं डायट. वर्षभराचा विचार केलास तर दहा टक्के खाडे धरायलाच पाहिजेत, माझ्या मते ते पण कमीच. आता हे नीट बघ की खाडा दोन प्रकारचा असतो. आदल्या रात्री कळला तर ते दूध सकाळी संस्थेत जातं आणि तुझं नुकसान होतं फक्त 23 रुपये 60 पैसे. पण दारात गेल्यावर कुलूप दिसलं, नाहीतर बाई म्हणाल्या आज नको हो दादा कालचंच आहे, तर ते दूध भावाच्या कॅनमध्ये उन्हात राहतं, भाऊ कंपनीत जातो, संस्थेचं सकाळचं संकलन केव्हाच बंद झालेलं असतं आणि तो खाडा तुला पूर्ण 80 ला पडतो. 25 लिटरला रोज अडीच लिटर खाडे धर, निम्मे सांगून, निम्मे न सांगता, तर रोजचे 130 गेले. महिन्याला 3,900. पेट्रोलपेक्षा जास्त!

तिसरं बुडीत. भाड्याने राहणारी घरं अचानक बदलतात, एखादं घर महिन्याचं बिल न देता नालासोपाऱ्याला नाहीतर नेरळला गेलं की गेलं. 1 लिटरवालं घर म्हणजे 2,400. दोन महिन्यातून एक असं धरलं तरी महिन्याला 1,200.

चौथं पैसा अडकतो ते. याकडे कुणी बघत नाही आणि खरं दुखणं इथेच आहे. संस्थेचं दहा दिवसाचं बिल, वर चार-पाच दिवस, म्हणजे 25 लिटरचे जास्तीत जास्त 21 हजार बाहेर असतात. रतीबाचं बिल महिना संपल्यावर लिहायचं, लोक पगार झाल्यावर देतात, 10 तारखेपर्यंत रेंगाळतं, म्हणजे 10 तारखेला तुझे 40 दिवसांचे पैसे लोकांकडे असतात, रोजचे 2,000 धरले तर 80 हजार. आणि पेंडवाला तुझ्यासाठी 10 तारखेपर्यंत थांबेल का? तो थांबला तरी पोत्यामागे जास्त लावेल. हे जे वरचे साठेक हजार अडकले ते कुठूनतरी उसने आणलेस तर महिना दोन टक्क्याने हजार-बाराशे व्याजाचे झाले. आणि पहिले 40 दिवस तर संस्थेचं बिल अर्ध्याहून कमी आलेलं आणि रतीबाचं अजून आलेलं नाही अशी अवस्था असते, बऱ्याच जणांचा रतीब या पहिल्या सव्वा महिन्यातच मोडतो.

आता तू स्वतः गेलास असं धरून वजाबाकी कर. 17,700 तून पेट्रोल साडेतीन हजार, खाडे 3,900, बुडीत 1,200, व्याज 1,200, पिशव्या न बारीकसारीक 500. हातात राहिले साडेसात हजाराच्या आत. तीस घरं, जाण्यायेण्यासकट रोजचे साडेतीन तास, म्हणजे महिन्याचे शंभरावर तास. तासाला सत्तर रुपये पडले. वाईट आहे असं नाही पण 17,700 नक्की नाहीत, आणि हे रोज पहाटे, पावसापाण्यात, सुट्टी न घेता.

मग 15 च का, तर दोन कारणं आहेत आणि दोन्ही तुझ्या गोठ्यातली आहेत, बाजारातली नाहीत.

एक, 40 लिटर हे दोन वेळचं आहे. सकाळचं साधारण 23-24 आणि संध्याकाळचं 16-17 असेल, रात्रीचं अंतर मोठं असतं म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट थोडं कमी, संध्याकाळी उलटं. म्हणजे सकाळच्या धारेत 25 लिटर निघतच नाही! मग आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यात मिसळावं लागणार, आणि आपल्या इकडच्या दमट हवेत न थंड केलेलं दूध रात्रभर टिकत नाही, सकाळी बाईंनी गॅसवर ठेवलं की फाटलं. एका घरात फाटलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या विंगच्या ग्रुपवर जातं. डीप फ्रीजर घेतलास तर तो खर्च वेगळा, लाइट गेली की आणखी वेगळा. म्हणून रतीब फक्त सकाळच्या ताज्या धारेचा, हे पक्कं धर. संध्याकाळचं सगळं संस्थेला, तसंही संध्याकाळी फॅट चांगली लागते तर फॅटवर पैसे देणाऱ्याकडेच ते गेलेलं बरं, बिल्डिंगीतल्या लोकांना 6.5 काय न 7 काय, साय जाड आली की खूश.

दोन, आत्ता तुझ्या पाचही म्हशी दुधात आहेत. उन्हाळ्यात नसतील. पावसाळ्यापासून पुढे व्यालेल्या म्हशी एप्रिल-मेपर्यंत आटत जातात, एखाद-दुसरी भाकड होते, आणि 40 चे 25-26 कधी झाले ते कळत पण नाही. त्यातलं सकाळचं 15. रतीबाच्या घराला रोज एक लिटर म्हणजे एक लिटर, त्याला तुझी म्हैस आटली याच्याशी काही देणंघेणं नाही. मग लोक काय करतात, एकतर बाहेरून कुणाचंतरी दूध विकत घेऊन घालतात, ते 60-65 ला घ्यावं लागतं आणि त्याच्या चवीचा भरवसा नाही, नाहीतर सरळ पाणी. पाणी घातलेलं दूध बिल्डिंगीतल्या बाईला मशीनशिवाय कळतं. म्हणून रतीब नेहमी उन्हाळ्यातल्या सकाळच्या दुधाएवढा बांधायचा, दिवाळीतल्या एकूण दुधाएवढा नाही. वाढीव दूध झेलायला संस्था आहे, ती 10 लिटर आलं तरी घेते न 30 आलं तरी घेते, तिथे कोणी खाडा करत नाही. तुझ्या वडिलांना हेच म्हणायचं असणार, त्यांनी दराचं नाव न घेता सांगितलं म्हणून भावाला पटलं नाही.

15 चा हिशोब पण सांगतो म्हणजे भावाला दाखवता येईल. जास्तीचे महिन्याला 10,600, खाडे 2,300, बुडीत न व्याज मिळून 1,400, किरकोळ 400. पेट्रोल भावाचं नाहीतरी जळतंयच. उरले साडेसहा हजार. आणि घरं तीसच्या जागी सतरा-अठरा, एकाच कॉम्प्लेक्समधली घेतलीत तर दोन तासांत हात मोकळे. महिन्याला साठ तास, तासाला शंभरावर पडले. म्हणजे तू स्वतः पेट्रोल जाळून 25 घालण्यापेक्षा भावाने 15 घातलं तर कमाई हजारेक रुपयांनीच घटते आणि वेळ जवळजवळ निम्मा होतो. भावानेच 25 घातलं तर पेट्रोलचे साडेतीन हजार तिथेही वाचतील, ते पण खरं.

एकाच कॉम्प्लेक्सचं मी मुद्दाम म्हणतोय. गेटवर वॉचमनकडे एकदाच एंट्री, मायगेटवर रोजचा माणूस म्हणून नाव घालून घ्यायचं, वरून खाली लिफ्टने उतरत जायचं. तीन वेगवेगळ्या सोसायट्या केल्यात की प्रत्येक गेटवर पाच मिनिटं आणि एखाद्या ठिकाणी दूधवाल्यांना लिफ्ट बंद असा बोर्ड. चार मजले जिन्याने अर्धा लिटर द्यायला जाणारं गिऱ्हाईक न घेतलेलं बरं, निदान जिन्याने जायचं असेल तिथे एक लिटरच्या खाली घर घेऊ नका असं भावाला सांग.

पैशांचं पहिल्या दिवसापासून असं ठरवा की बिल महिन्याला नाही, 1 आणि 16 तारखेला. जीपे-फोनपे सगळ्यांकडे आहे, पगाराची वाट बघायचं कारण कोणाला नाही. 15 लिटरचे पंधरा दिवसांचे 18 हजार, चार-पाच दिवस उशीर धरला तरी 24 हजाराच्या वर बाहेर जात नाहीत, आणि वर जे व्याज धरलं ते जवळपास गळून पडतं. जो आगाऊ देईल त्याला लिटरमागे रुपया कमी कर, सतरातली पाच-सहा घरं तरी देतात. खाडा आदल्या रात्री 9 च्या आत ग्रुपवर टाकायचा, नाही टाकला तर तो लिटर लागणार. हे सुरुवातीलाच बोललं तर लोक ऐकतात, तीन महिन्यांनी नियम काढलात तर भांडण होतं. आणि कच्चं दूध आहे, उकळूनच प्या, हे पण सांगा. रतीब सुरू करायच्या आधी एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन करून घे, FoSCoS साइटवर होतं, छोट्या विक्रेत्याला लायसन्स नाही नुसतं रजिस्ट्रेशन लागतं. संस्थेला सगळं दूध घालणाऱ्या सभासदाला ते लागत नाही, पण तू थेट विकायला लागलास की लागतं.

संस्थेचे पोटनियम एकदा वाच. सभासद राहायला वर्षात किती दिवस आणि किती लिटर दूध घालायला लागतं ते त्यात असतं, आणि बाहेर विकण्याबद्दल काही लिहिलं असेल तर ते पण. तू संध्याकाळचं सगळं न सकाळचं उरलेलं घालतोयस म्हटल्यावर सहसा अडचण येत नाही, पण सचिवाला अंधारात ठेवून करू नकोस. दिवाळीला दरफरक मिळतो तो तू घातलेल्या लिटरवर मिळतो, तेव्हा 15 लिटर बाहेर गेले की त्याचा दरफरक गेला, मागच्या दोन-तीन वर्षांचा अहवाल बघून लिटरमागे किती मिळाला ते काढ आणि 56.40 मध्ये मिळव. रुपया-दीड रुपया निघाला तर माझा वरचा हिशोब तेवढ्याने खाली येईल, ते पण प्रामाणिकपणे भावाला दाखव. संस्था म्हणजे देव नाही, बिल लांबवणाऱ्या, पेंडीचे पैसे दुप्पट कापणाऱ्या संस्था पण असतात. पण तिथे वार्षिक सभा आहे, ऑडिट आहे, आणि अगदीच झालं तर सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्याकडे अर्ज करता येतो.

खाजगीवाल्याकडे अर्ज करायला कोण आहे? म्हणून तिथे उशिराकडे बारीक लक्ष ठेवावं लागतं. त्यांचं गणित असं असतं की चांगले दिवस असतात तेव्हा ते संस्थेपेक्षा खरंच लवकर देतात, सातव्या दिवशी खात्यात, आणि त्यामुळे गाव तिकडे वळतं. मग पुष्टकाळ आला, दूध जास्त झालं, पावडरचा भाव पडला की आधी मेसेज येतो की उद्यापासून दर दोन रुपये कमी, मग बिल सातचं दहा दिवसांवर, मग तेरा, मग एजंट फोन उचलत नाही. तुझ्या 40 लिटरचे 55 ने रोज 2,200, वीस दिवस थकले तर 44 हजार, एक चांगली पारडी गेली. सगळेच असे नसतात, चोख पैसे देणाऱ्या खाजगी डेअऱ्या मी बघितल्यात, पण पैसे एजंटच्या खिशातून येतात की कंपनीकडून थेट तुझ्या खात्यात हे आधी विचार, आणि एक बिल पूर्ण जमा झाल्याशिवाय तिसरं सुरू होऊ देऊ नकोस. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काय झालं ते आठव, हॉटेलं-मिठाईवाले बंद, खाजगींनी गाईच्या दुधाचे दर पाडले, काहींनी तर दूध नको म्हणून सांगितलं, शेवटी सरकारला रोज 10 लाख लिटर गाईचं दूध 25 रुपयांनी घेऊन पावडर करायला लागली. म्हशीच्या दुधाला मुंबई-ठाण्यात गिऱ्हाईक कायम आहे म्हणून आपण तेवढे होरपळत नाही, पण त्याच महिन्यांत कितीतरी सोसायट्यांनी गेटवरून दूधवाल्यांना पण परत पाठवलं होतं. एकाच टोपलीत सगळं नसलेलं बरं ते यासाठी.

आणि उचल. पन्नास हजार हातात आले की दोन गोष्टी होतात, पहिली म्हणजे फेडेपर्यंत तू दुसरीकडे दूध घालू शकत नाहीस, आणि दुसरी म्हणजे फॅट पाच पॉइंट कमी लागली तरी तुला तोंड उघडता येत नाही. तुला म्हैस घ्यायचीच असेल तर बँकेत दुभत्या जनावराच्या मुदत कर्जाचं विचार, आणि पेंड-चाऱ्याच्या खर्चाला पशुपालनासाठीचं किसान क्रेडिट कार्ड मिळतं, दूध गहाण टाकून पैसे घेऊ नकोस.

राहिला भाऊ. त्याला आधी एवढंच विचार की त्याची शिफ्ट कायम जनरल आहे की फिरती. जनरल असेल तर पहाटे पाचला धार, सहाला निघायचं, साडेआठपर्यंत दूध वाटून कंपनीत, बसतं सगळं. फिरती असेल तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी दूध टाकायला वेगळा जाईल, परत घरी येईल आणि दुपारी परत जाईल, म्हणजे पेट्रोल दुप्पट आणि झोप निम्मी, आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तर तो सहाच्या आधी कंपनीत असायला पाहिजे, मग दूध कोण टाकणार, तू. तसं असेल तर 15 चा पण आग्रह धरू नका, शिफ्ट बदलून मिळते का ते बघा आणि तोवर सगळं संस्थेतच जाऊ दे. पावसाळ्याचं पण आत्ताच ठरवून ठेवा. जुलैत उल्हास नदीला पाणी चढलं की तिकडचे रस्ते बंद होतात, 27 जुलै 2019 ला तर बदलापूर-वांगणीमध्ये अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. अशा दिवशी गावातून निघायच्या आधी साडेपाचलाच ग्रुपवर मेसेज टाकायचा, आज दूध येणार नाही, आणि 15 लिटर सरळ संस्थेच्या काट्यावर न्यायचं. वाटेत अर्ध्यावर अडकलात तर ते दूध ना बिल्डिंगीचं ना संस्थेचं.

रेट चार्ट आला की 6.8 आणि 8.8 च्या घराचा फोटो मला पाठव, संस्थेचा न खाजगीचा दोन्ही.